रसवंतीच्या चरकाची पुली बदलली आणि मशीन अडायला लागलं : मोटर मोठी घ्यावी का?

कळवा_खाडी

नमस्कार मंडळी. प्रश्न माझा नाही, मामाचा आहे, पण त्याला टायपिंग जमत नाही.

मामाची कळव्यात छोटी रसवंती आहे. उभा लोखंडी चरक, एक एचपीची सिंगल फेज मोटर, पट्ट्यावर मोठं चाक, त्यामागे दातेरी चाकं आणि मग लाटा. मार्चपासून संध्याकाळी रांग लागते. गिऱ्हाईक म्हणतं, "किती वेळ लावता." म्हणून मामाने पुलीच्या दुकानात विचारलं. तिथला म्हणाला, मोटरवर तीन इंची पुली आहे, ती काढून चार इंची लावा, चरक पळेल. दीडशे-दोनशे रुपयांचं काम.

पळाला खरा. रिकामा फिरताना घुंगरं अशी वाजायला लागली की समोरच्या वडापाववाल्याने विचारलं, आज बारसं आहे का. पण ऊस घातला की पट्टा किंचाळतो, लाटा मंदावतात, कधी ऊस मध्येच अडकून उभा राहतो. पूर्वी तीन कांड्या एकदम जायच्या, आता दोन घालतानाही धाकधूक.

मामा म्हणतो दोन एचपीची मोटर घेऊ. मी म्हटलं आधी विचारतो. पुली एक इंचाने वाढवली तर ताकद गेली कुठे? मोटर तर तीच आहे.

पोपटपंची

ताकद घुंगरांत गेली.

डोंबारी_इंजिनिअर

साधं आहे. मोठी पुली म्हणजे जास्त ताकद, लहान पुली म्हणजे जास्त वेग. तुम्ही मोठी लावलीत म्हणजे ताकद वाढायला हवी. तरी अडतंय याचा अर्थ मोटरचं वाइंडिंग गेलंय. मोटर बदला, मामांचं बरोबर आहे.

येऊर_सायकल

@डोंबारी_इंजिनिअर, उलटं सांगताय. येऊरचा चढ चढताना मी पुढची मोठी चकती सोडून लहानावर येतो आणि मागे सगळ्यात मोठी टाकतो. पाय भरभर फिरतात, सायकल गोगलगाय, पण चढते. मोठी पुली कुठल्या बाजूला आहे त्यावर सगळं. पायाकडे मोठी असेल तर मांड्या भरून येतात. मोटर म्हणजे पाय. तुम्ही मोटरला चढावर मोठी चकती दिलीत.

अवांतर: रविवारी पहाटे येऊरला कोण येणार? गेटवर साडेपाच.

डोंबारी_इंजिनिअर

मी मोठी पुली म्हणालो ती चरकाकडची. वाक्य अर्धं राहिलं.

पोपटपंची

वाक्याचं वाइंडिंग गेलं.

निवृत्त_फिटर

मी वागळे इस्टेटला मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढली, म्हणून थोडं विचारतो. अंदाजावर मोटर घेऊ नका, सात-आठ हजार जातील आणि दुखणं राहील तिथेच.

१) मोटरच्या पाटीवर आरपीएम आणि अँपिअर काय लिहिलंय?
२) मोठं चाक किती इंची?
३) मागच्या दातेरी चाकांचे दात मोजा. मशीन बंद करून, प्लग काढून. एका दाताला खडूने खूण करून तिथून मोजायला लागा, नाहीतर ग्रीसमध्ये चुकाल.
४) आणि मुख्य म्हणजे ऊस अडतो तेव्हा काय थांबतं ते बघा. मोटर फिरत राहते आणि मोठं चाक थांबतं? की मोटरच हुंकार देत बसते? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

कळवा_खाडी

काका, काल रात्री दुकान बंद झाल्यावर बसलो. हात अजून काळे आहेत.

मोटर १४४० आरपीएम, ७ अँपिअर. मोठं चाक १८ इंची. त्याच्या दांड्यावर १५ दातांचं लहान चाक, ते ७५ दातांच्या मोठ्याला फिरवतं. त्या ७५ वाल्याच्याच दांड्यावर आणखी एक १५ दातांचं, ते लाटेवरच्या ६० दातांच्या चाकाला फिरवतं. लाटा तीन, त्यांच्या टोकाला सारख्याच दातांची चाकं एकमेकांत अडकलेली. लाटेचा व्यास सहा इंच.

अडतं तेव्हा मोटर फिरत असते. पट्टा ओरडतो आणि मोठं चाक थांबतं. घुंगरं गप्प होतात, म्हणून मामाला पाठ फिरवूनही कळतं.

निवृत्त_फिटर

चांगलं मोजलंत. आता हिशेब सरळ आहे.

जुनी तीन इंची पुली घ्या. १८ भागिले ३, म्हणजे मोटर सहा वेळा फिरते तेव्हा मोठं चाक एकदा. १४४० चे झाले २४०. पुढे १५ ने ७५ ला फिरवायचं म्हणजे पाच पट कमी, राहिले ४८. त्यापुढे १५ ने ६० ला, चार पट कमी, राहिले १२. लाट मिनिटाला बारा फेरे. एकूण १२० पट घट.

जेवढा वेग घटला तेवढा पीळ वाढला. एक एचपीची मोटर १४४० ला जो पीळ देते, तो किती? तिच्या दांड्याला एक मीटरची काठी आडवी बांधली आणि टोकाला अर्धा किलो लटकवला तर त्याला पेलेल, एवढाच. हाताने अडवता येईल असं वाटावं इतका कमी (करून बघू नका). मोठ्या चाकावर तो सहा पट, म्हणजे तीन किलो. पुढे पाच पट, पंधरा किलो. पुढे चार पट, साठ किलो. काठी तीच, एक मीटर. आणि लाटेची त्रिज्या एक मीटर नाही, तीन इंच. तिथे ऊस दाबायला तेरा पट जोर मिळतो, म्हणजे पावणेआठशे किलोच्या घरात. दातांच्या घासण्यात आणि पट्ट्यात पाचवा हिस्सा गेला धरा, तरी सहाशेच्या वर. म्हणून ऊस चिपाड होऊन बाहेर पडतो.

आता चार इंची लावा. १८ भागिले ४, साडेचार. लाट १६ फेऱ्यांवर गेली. पण साठ किलोचे पंचेचाळीस झाले. ताकद कुठे गेली विचारत होतात, ती वेगात गेली. मोटर तीच, तिचं काम तेवढंच.

तीन लाटांच्या टोकाची सारखी चाकं यात धरायची नाहीत. ती फक्त दिशा उलटवतात, वेग आणि पीळ तसाच ठेवतात.

वशीवाला

काका, एक शंका. वेग १२ वरून १६, म्हणजे ३३ टक्के वाढला. ताकद ६० वरून ४५, म्हणजे २५ टक्के घटली. मग ८ टक्के फुकट मिळाले की. निसर्गाला फसवलं?

मृदगंध_७९

मी अकाउंट्समधली, मशीनमधलं कळत नाही, पण हे कळतं. खिशात १२० रुपये. ऊस १२ रुपयांना असेल तर १० मिळतील. भाव १६ झाला, ३३ टक्के वाढला, तर साडेसात मिळतील. २५ टक्के कमी. पैसे तेवढेच. गुणाकार सारखा राहतो, टक्के नाही. १२ गुणिले ६० किती? १६ गुणिले ४५ किती? ७२० आणि ७२०.

वशीवाला

निसर्ग वाचला. धन्यवाद ताई.

कळवा_खाडी

पण काका, हिशेब जुळत नाही. मी जुनी पुली पुन्हा बसवून लाटेवर खडूची खूण केली आणि मोबाइलवर एक मिनिट लावून मोजलं. रिकामं चालताना बारा नाही, साडेअकरा आले. दोनदा मोजलं. चार इंचीला मात्र पंधराच्या वर, सोळाच्या आत. म्हणजे दोन्हीकडे कमी, पण तीन इंचीला तुलनेत जास्तच कमी.

निवृत्त_फिटर

शाब्बास. बहुतेक जण हिशेब करून खूश होतात, मोजत नाहीत.

तीन इंची म्हणजे पुलीच्या बाहेरच्या कडेचं माप. पट्टा कडेवर बसत नाही, खाचेत बसतो, आणि त्याचा खरा ओढणारा दोरा त्याच्या पोटात असतो. तुमचा ए सेक्शन असणार, त्यात तो दोरा कडेपासून साधारण तीन मिलिमीटर आत. तीन इंचीची त्रिज्या ३८ मिलिमीटर, त्यातले ३ गेले, राहिले ३५. मोठ्या चाकाची २२९, तिथेही ३ गेले, २२६. पण ३८ मधून ३ जाणं आणि २२९ मधून ३ जाणं यात फरक आहे. २२६ भागिले ३५ करा, सहा नाही, साडेसहाच्या जवळ येतं. त्याने लाट अकरावर येते. रिकामी मोटर १४४० पेक्षा थोडी जास्त, १४९० पर्यंत फिरते, म्हणून तुम्हाला अर्धा फेरा वर मिळाला. पुली जितकी लहान तितकी ही चूक मोठी.

खाच झिजून पट्टा तळाला टेकला असेल तर अजून आत जातो, आणि मग तो घसरतोही. पट्टा पाचरीसारखा दोन्ही बाजूंच्या भिंतींत दाबला जाऊन पकडतो. तळाला टेकला की पकड गेली. बोट फिरवून बघा, तळ चकाकत असेल तर पुली टाकून द्या.

येऊर_सायकल

हे सायकलला होत नाही. साखळी दातात बसते, दात मोजले की संपलं, कमी-जास्त नाही.

निवृत्त_फिटर

बरोबर. दात खोटं बोलत नाही. पण दात घसरतही नाही. ते पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आता किंचाळण्याबद्दल. सगळे पुलीला दोष देतायत, पण पट्टा घसरतो त्याला पुली थेट जबाबदार नाही. तीन कांड्या दाबायला मोठ्या चाकाला जेवढा पीळ लागतो तो मोटरवरची पुली बदलून बदलला का? नाही. मोठं चाक १८ इंचीच आहे, म्हणजे पट्ट्यावर ओढही तेवढीच. उलट मोटरकडे मोठ्या पुलीवर पट्ट्याचा विळखा थोडा जास्तच. मग आधी न घसरणारा पट्टा आता का घसरतो? ताण कमी असणार. मोठी पुली लावली की पट्टा सव्वा इंच तरी लांब लागतो, नाहीतर मोटर आत सरकवावी लागते. तुमच्या माणसाने मोटर सरकवली ती अंदाजाने, गरजेपेक्षा जास्त सरकली. मधोमध अंगठ्याने दाबून बघा. तुमच्याइतक्या अंतराला पाऊण-एक सेंटिमीटर आत जायला हवा. दोन-अडीच जात असेल तर ढिला.

कळवा_खाडी

तीन सेंटिमीटर जातोय. आज चार इंची पुन्हा लावून मोटरचे बोल्ट सरकवतो आणि ताणून बघतो.

रानमेवा

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या गावाकडे आजोबांचा लाकडी चरक होता, बैलावर चालायचा. ना पुली ना वीज. बैल गोल फिरायचे, आम्ही मुलं आडव्या लाकडावर बसायचो. तो तर तुमच्या मोटरपेक्षा जास्त ऊस गिळायचा. मग एक एचपीवाल्या मोटरला का जमू नये? बैल काय पाच-दहा एचपीचा असतो का?

डोंबारी_इंजिनिअर

बैलजोडी किमान दोन एचपी असणार. घोडा एक, बैल दोन. त्यामुळे तुलना चूक.

रबाळे_शिफ्ट_बी

नाही हो. मोजून बघू. जोडी सलग ओढताना साठ किलोची ओढ धरा. लाकूड तीन मीटरचं. एका फेऱ्याला १९ मीटर चाल. रमतगमत मिनिटाला दोन फेरे, म्हणजे ताशी सव्वादोन किलोमीटर. याचा एचपी काढला तर अर्धा येतो. मामांच्या मोटरच्या निम्मा!

पण पीळ बघा. साठ किलो, तीन मीटरवर, म्हणजे काकांच्या एक मीटरच्या काठीवर १८० किलो. मोटरचे सगळे गिअर धरून साठ. बैलाला गिअर लागत नाहीत, कारण त्याचं तीन मीटरचं लाकूड हाच त्याचा गिअर. मोटर भरभर आणि हलकी, बैल सावकाश आणि जड. मोटरला बैल बनवायला एवढा दातांचा खटाटोप.

रानमेवा

आजोबांना हे ऐकवायला हवं होतं. ते मोटरला "नुसती गुणगुणणारी" म्हणायचे.

कळवा_खाडी

काका, गडबड झाली.

पट्टा ताणला. अंगठ्याने बरोबर एक सेंटिमीटर. किंचाळणं पूर्ण बंद. मामा खूश, पहिले चार-पाच ग्लास झकास निघाले. मग तीन कांड्या घातल्या. या वेळी पट्टा घसरला नाही. मोटरच थांबली. घुंss असा आवाज, लाटा उभ्या, वार्निशसारखा वास. मामाने पटकन बटन दाबलं म्हणून वाचली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच, आणि एमसीबी पडला.

आधी निदान पट्टा ओरडून सांगायचा तरी.

निवृत्त_फिटर

हेच व्हायचं होतं, आणि चूक माझी. ताणायच्या आधी तुम्हाला सावध करायला हवं होतं. ढिला पट्टा तुमची मोटर वाचवत होता. चरक अडला की पट्टा घसरायचा, मोटर फिरत राहायची. आता तो घसरत नाही, म्हणून अडणं थेट मोटरपर्यंत पोचलं. उभी राहिलेली मोटर पाच-सहा पट करंट खेचते, आणि पंखा बंद असल्याने थंडही होत नाही. अर्ध्या मिनिटात वाइंडिंग काळं होतं.

ढिला पट्टा हा फ्यूज नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. घसरून तो स्वतः चकाकतो, पुली खातो. पण तुमचं खरं दुखणं आज उघडं पडलं. चार इंचीवर मोटरला तीन कांड्यांचा पीळ पुरत नाही. टाँग टेस्टर आहे का कोणाकडे?

कळवा_खाडी

शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून आणला. दोन कांड्या घालून:

तीन इंची पुली: ६.४ अँपिअर.
चार इंची पुली: ९ च्या वर, काटा स्थिर नाही.

पाटीवर ७ आहे.

आणखी एक. दुपारी चार इंचीवरही दोन कांड्या जातात. संध्याकाळी सात ते नऊ मात्र जात नाहीत. ऊस तोच, माणूस तोच.

रबाळे_शिफ्ट_बी

संध्याकाळी व्होल्टेज किती मिळतं? मला वाटतं पुली हा अर्धाच किस्सा आहे. अशा मोटरचा जास्तीत जास्त पीळ व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. २३० ऐवजी १९५ आलं तर पीळ १५ टक्के नाही, जवळजवळ २८ टक्के घटतो. त्यात चार इंची पुलीने मोटरवर तिसरा हिस्सा जास्त ओझं. दुपारी कसंबसं निभतं ते संध्याकाळी मरतं.

कळवा_खाडी

सव्वासातला मोजलं. बोर्डवर २१२. मोटरपाशी, ऊस चालू असताना, १९६.

रबाळे_शिफ्ट_बी

बोर्ड आणि मोटरमध्ये १६ व्होल्ट? वायर कसली आहे?

कळवा_खाडी

पंख्याची वाटते. माळ्यावरून फिरवून आणली आहे. मामा म्हणतो "पहिल्यापासून आहे."

पोपटपंची

"पहिल्यापासून आहे" हे महाराष्ट्रातल्या निम्म्या आगींचं कारण.

रबाळे_शिफ्ट_बी

आधी वायर. अडीच स्क्वेअर एमएम तांब्याची, थेट बोर्डवरून, स्वतंत्र. पुलीचा वाद नंतर.

निवृत्त_फिटर

वायर बदलाच, दुमत नाही. पण मी पुलीला पहिला नंबर देईन. तीन इंचीवर याच वायरीवर, याच संध्याकाळी तीन कांड्या जात होत्या.

रबाळे_शिफ्ट_बी

मार्चमध्ये जात होत्या काका. आता एप्रिल संपत आलाय, एसी सुरू झालेत. तेव्हाचं व्होल्टेज कोणी मोजलंय?

निवृत्त_फिटर

कोणी नाही. मान्य.

घणसोली_बेकर

मोठी मोटर घेऊ नका एवढंच सांगायला आले. आमचा कणकेचा मिक्सर एक एचपीचा होता, घट्ट पिठात अडायचा. आम्ही दोन एचपीची मोटर लावली, पट्टेही दोन केले म्हणजे घसरायला नको. महिनाभर स्वर्ग. मग एक दिवस पिठात झारा राहिला. पूर्वी मिक्सर थांबला असता. या वेळी थांबला नाही. कडाड आवाज, आणि आतल्या लहान चाकाचे सलग तीन दात साफ. बिडाचं होतं. तसं चाक कुठे मिळेना, शेवटी मोजमाप देऊन नवीन कातून घेतलं. नऊ दिवस बेकरी बंद, मे महिन्यात.

निवृत्त_फिटर

दात घसरत नाही म्हणालो होतो ते हेच. @कळवा_खाडी, तुमचा शेवटचा १५ दातांचा पिनियन सगळ्यात जास्त भार घेतो आणि त्याच्या दर दाताची पाळी मोठ्या चाकाच्या दातापेक्षा चौपट वेळा येते. दोन एचपी आणि चार इंची लावलीत तर रोजच्या ऊसाला काही होणार नाही, ओझं पूर्वीइतकंच. पण उसाची गाठ किंवा मोळीतला तारेचा तुकडा गेला तर पूर्वी मोटर हरायची, आता दात हरेल. दाताकडे बघा, कडेला चमकदार पट्टा किंवा बारीक खड्डे दिसतायत का.

कळवा_खाडी

चमक आहे. खड्डे नाहीत.

मृदगंध_७९

मूळ प्रश्नाकडे येऊ? रांग का लागते, चरकामुळेच का? मी काल मुद्दाम एका रसवंतीवर उभी राहून घड्याळ लावलं (कळव्यातली नाही, नौपाड्यातली). एका ग्लासामागे ऊस लाटांत होता अंदाजे पंचवीस सेकंद. तोच ऊस दुमडून आलं-लिंबू घालून पुन्हा घालणं, गाळणं, ग्लास धुणं, बर्फ, सुटे पैसे, यूपीआयचा आवाज येईपर्यंत थांबणं, हे सगळं मिळून सव्वा मिनिट. चरक तिसऱ्या हिश्श्याने वेगात नेला तर पंचविसातले सहा सेकंद वाचतील. शंभरात सहा.

वशीवाला

अकाउंट्सवाल्यांना रसवंतीवर उभं करू नका रे.

रानमेवा

आणि वेगात नेला तर ऊस दाबात कमी वेळ राहतो ना? चिपाड ओलं राहत असेल.

कळवा_खाडी

हो! मामा परवाच म्हणाला, चार इंचीवर चिपाड हाताला ओलं लागतं. एक फेरा जास्त घालावा लागतो. मला तो बहाणा वाटला होता.

निवृत्त_फिटर

त्यात दोन कारणं मिसळली असतील. वेग, आणि अडू नये म्हणून मामांनी लाटांमधली फट वाढवली का ते विचारा. तो स्क्रू सगळे गुपचूप फिरवतात.

कळवा_खाडी

विचारलं. "थोडीशी" म्हणाला.

डोंबारी_इंजिनिअर

मग मधला मार्ग. साडेतीन इंची पुली. मी या वेळी पूर्ण वाक्यात लिहितोय: मोटरकडची साडेतीन.

कळवा_खाडी

अपडेट, दहा दिवसांनी.

वायर बदलली. मोटरपाशी संध्याकाळी आता २०८-२१० मिळतात. फट जुन्या खुणेवर आणली. साडेतीन इंची पुली आणली, पट्टा बरोबर ताणला. लाट रिकामी साडेतेराच्या आसपास. दोन कांड्यांना ७.३ अँपिअर. अजून एकदाही अडलं नाही. तीन कांड्या मामा घालत नाही, मी शपथ घातली आहे. मोटर तासाभराने गरम असते, पण हात ठेवून दहापर्यंत मोजता येतं. ग्लास धुवायला एक मुलगा ठेवलाय.

निवृत्त_फिटर

७.३ म्हणजे पाटीच्या वर आहात. थोडंच, पण मे अजून जायचाय. मी असतो तर तीन इंची परत लावली असती.

रबाळे_शिफ्ट_बी

२३० मिळालं असतं तर हेच ७ च्या आत दिसलं असतं. मी साडेतीनच ठेवली असती, सोबत मोटरला ओव्हरलोड रिले.

कळवा_खाडी

रिले किती अँपिअरवर लावायचा, ७ की ७.५?

निवृत्त_फिटर

७.

रबाळे_शिफ्ट_बी

साडेसात. सातवर लावलात तर दर मोळीला पडेल आणि मामा तो काढून टाकतील.

पोपटपंची

धागा इथेच अडला. पट्टा कोणी ढिला करेल का?

कळवा_खाडी

मामा विचारतोय, घुंगरं कधी जरा मंद वाजतात, म्हणजे अडायला आलंय का? त्याला टाँग टेस्टर नको, तो कानानेच मोजतो.

रानमेवा

मंद वाजली की कांडी मागे घ्या म्हणावं. आमचे आजोबाही बैलांच्या गळ्यातल्या घंटेवर ओळखायचे.